रात्रीचे तीन पेग आणि अडीचची जाग

*डॉक्टर, वय ५२. मालवण तालुक्यात बाग आहे, पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. दिवसभर पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून रात्री साडेनऊला बसून व्हिस्की घेतो. आधी दोन छोटे पेग होते, गेलं वर्षभर तीन. मापून घेतो, दारुडा नाही. जेवून साडेदहाला आडवा झालो की पाच मिनिटांत डोळा लागतो. पण अडीचच्या सुमारास खाडकन जाग येते. घाम, छातीत धडधड, लघवीला जावं लागतं, आणि मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहतो. दिवसभर अंग आंबल्यासारखं. बायको म्हणते, घोरणं वाढलंय. दारूने झोप येते ना, मग ती अर्ध्या रात्री मोडते कशाने? मात्रा कमी पडते का? की जोडीला झोपेची एखादी गोळी घ्यावी?*

— एक वाचक, मालवण

गोळीचं आधी सांगते, कारण बाकी सगळं वाचायला सावकाश वेळ आहे, याला नाही. दारूच्या जोडीला झोपेची गोळी घेऊ नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही मंडळी मेंदूत जवळपास त्याच जागी काम करतात जिथे दारू करते. दोघांची गुंगी एकमेकांवर चढते आणि श्वास मंदावतो. तुम्ही आधीच घोरता, म्हणजे घशातली वाट झोपेत अरुंद होते आहे. त्यात ही भर जिवावर बेतू शकते. शेजाऱ्याच्या डब्यातली अर्धी गोळीही नको. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी पेंग येते, त्यांनाही हाच नियम लावा.

आता तुमची रात्र घड्याळ लावून बघू. छोटा पेग ३० मिलिलिटरचा, म्हणजे तीन पेगांचे ९० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने तुमच्या पोटात साधारण ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. यकृत ते तासाला साधारण सात-आठ ग्रॅम या वेगाने जाळतं. हा वेग माणसागणिक थोडा बदलतो, पण लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यातल्या कशानेही तो वाढत नाही. तीस ग्रॅम निकालात निघायला चार तास लागतात. तुम्ही साडेनऊला सुरुवात करता, म्हणजे दीड-दोनपर्यंत रक्त जवळपास रिकामं होतं. अडीचला तुमचे डोळे उघडतात.

मात्रा कमी पडते म्हणून तुम्ही उठत नाही. दारू उतरते, त्या उतरण्याने उठता. साडेदहाला आडवे होता तेव्हा ती रक्तात जवळपास सर्वांत जास्त असते, म्हणून पाच मिनिटांत डोळा लागतो. त्यानंतर तुम्ही झोपलेले असताना ती तासातासाने कमी होत जाते आणि मेंदूला त्या बदलाशी जुळवून घ्यावं लागतं. संध्याकाळी सातला प्यायलेल्या माणसाचं हे उतरणं बरंचसं जागेपणी होतं, गजाली करता करता. तुमचं सगळं झोपेत होतं.

मेंदूत शांत करणारी एक रासायनिक व्यवस्था आहे, तिला गाबा म्हणतात, आणि सावध ठेवणारी दुसरी, ती ग्लुटामेटची. दारू पहिलीला जोर देते आणि दुसरीला दाबते. मेंदू हे निमूटपणे सोसत नाही. छोट्या होडीत एका बाजूला जड माणूस बसला की बाकीचे न सांगता दुसऱ्या बाजूला सरकतात, होडी सरळ राहते. तो जड माणूस धक्क्यावर उतरला आणि बाकीचे अजून तिथेच बसलेले असले, तर होडी उलट्या बाजूला कलते. रात्री दोननंतर तुमच्या डोक्यात हेच होतं. दारू गेलेली असते, पण तिला तोलून धरायला मेंदूने सावधपणाकडे टाकलेला भार तसाच असतो. म्हणून तुमची जाग सावकाश, आळसावून येत नाही. दार कोणी धाडकन उघडावं तशी येते, धडधड आणि घाम घेऊनच.

याला अ‍ॅडेनोसिनचीही साथ असते. दिवसभर जागं राहिलं की हे द्रव्य मेंदूत साचत जातं आणि त्यातून आपल्याला पेंग येते. चहा-कॉफी त्याचंच काम अडवते, म्हणून तरतरी येते. दारूने सुरुवातीला अ‍ॅडेनोसिनचा परिणाम वाढतो, म्हणजे खरी झोप यायच्या आधीच पेंग येते. पण तो जोर टिकत नाही. पहिल्या दोन-तीन तासांची गाढ झोप झाली आणि दारूही उतरली की झोपेला धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही.

झोपेचा स्वतःचा एक क्रम असतो, तो माहीत असला की दारूने नेमकं काय बिघडतं ते कळतं. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं होतात. पहिल्या दोन आवर्तनांत गाढ झोप जास्त असते, जिच्यात कोणी हाक मारली तरी माणूस पटकन उठत नाही. पहाटेकडे गाढ झोप कमी होते आणि स्वप्नांची झोप वाढते. या झोपेत बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, त्यावरून इंग्रजीतल्या आद्याक्षरांनी तिला आरईएम म्हणतात. शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी १९५३ साली तिची नोंद केली. दिवसभराच्या घडामोडी लावून ठेवण्यात आणि मनाचा ताण निवळण्यात तिचा वाटा मोठा आहे.

प्यायलेल्या माणसाच्या मेंदूचा आलेख रात्रभर काढला तर पहिला अर्धा भाग चांगला दिसतो. झोप लवकर लागलेली असते, गाढ झोप थोडी वाढलेलीच असते. मी हे लपवत नाही, कारण इथेच माणूस फसतो. आपल्याला आठवते ती डोळा लागण्याची वेळ, आणि ती तर छानच असते. पण त्याच अर्ध्या रात्रीत स्वप्नांची झोप दाबलेली असते, उशिरा सुरू होते, कमी मिळते. दुसऱ्या अर्ध्यात चित्र उलटतं. दाबलेली स्वप्नझोप उसळून येते, म्हणून प्यायलेल्या रात्री पहाटेची स्वप्नं विचित्र आणि ठळक पडतात. बाकीची झोप उथळ होते. पंख्याचा आवाज, बाहेर पडलेला नारळ, कुत्र्याचं भुंकणं, जे एरवी कानाआड झालं असतं त्यानेही जाग येते. यातल्या कित्येक जागा काही सेकंदांच्या असतात, सकाळी आठवतही नाहीत. तुम्हाला फक्त अडीचची आठवते. अंग आंबतं ते या सगळ्या बारीक बारीक जागांनी.

घामाचं आणि धडधडीचं कारण वेगळं शोधायला नको. दारूने आधी कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, अंगातली ऊब बाहेर जाते, बरं वाटतं. उतरताना शरीर उलट दिशेने जातं, नाडी वाढते, अंग तापतं. प्यायलेल्या रात्री झोपेतली नाडी एरवीपेक्षा जलद राहते. हल्ली मनगटावर घड्याळं आली आहेत, त्यांच्यावरही हे दिसतं. नाडीपुरता त्यांचा भरवसा धरायला हरकत नाही, झोपेचे टप्पे ती अंदाजाने सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच इतकी दमट असते की घाम सुकत नाही, मग सगळा दोष उकाड्यावर जातो. डिसेंबरातही तुम्हाला असाच घाम येतो का, हे बायकोला विचारा. तुमच्यापेक्षा तिलाच ते नीट ठाऊक असेल.

लघवीचं गणित दुहेरी आहे. रात्री लघवी कमी व्हावी म्हणून मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडतो. दारू ते दाबते, त्यामुळे मूत्रपिंडं पाणी राखून ठेवत नाहीत. त्यावर तीन पेगांबरोबरचा सोडा आणि पाणी, म्हणजे अर्धा-पाऊण लिटर सहज. मात्र बरेचदा माणूस लघवीने उठत नाही. उठतो दारू उतरल्याने, आणि उठल्यावर मूत्राशय भरल्याचं लक्षात येतं. वय ५२ आहे तर प्रोस्टेटचाही संशय मनात ठेवावा. न पिता झोपल्यावरही दोन-तीनदा उठावं लागत असेल किंवा धार बारीक झाली असेल, तर ते वेगळं दाखवून घ्या.

बायको घोरण्याचं जे म्हणते ते मला तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटलं. दारूने जिभेच्या आणि घशाच्या स्नायूंचा ताण जातो, जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते. काहींची वाट मधूनमधून पूर्णच बंद होते. श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मग मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो आणि श्वास परत सुरू होतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. दारू इथे दोन्हीकडून घात करते. वाट बंद होण्याचे प्रकार वाढवते, आणि जागं करणारी यंत्रणा सुस्त ठेवल्याने प्रत्येक वेळी श्वास जास्त वेळ थांबतो.

हे घरीच पाहता येतं. बायकोला सांगा, तुम्ही झोपल्यावर अकरा ते बारा या वेळात फोन उशाजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करायला. नुसतं एकसारखं घोरणं असेल तर ते त्रासाचं आहे, पण धोक्याचं नसेलही. ऐकायची आहे ती शांतता. घोरणं चढत जातं, मग अचानक बंद. दहा सेकंद, पंधरा, वीस, काहीच आवाज नाही. आणि मग गुदमरल्यासारखा मोठा गचका, खोकला, पुन्हा घोरणं. तासाभरात असं पाच-सहा वेळा ऐकू आलं तर ते रेकॉर्डिंग घेऊनच डॉक्टरांकडे जा. दुसरं रेकॉर्डिंग एखाद्या न प्यायलेल्या रात्रीचं करा. दोन्ही शेजारी शेजारी ऐकवले की नवऱ्याला पटवायला बायकोला माझ्यासारखीची गरज पडत नाही.

दोनाचे तीन कसे झाले, हेही याच हिशेबात बसतं. झोप आणणाऱ्या गुणाला मेंदू फार लवकर सरावतो. रोज घेतली तर काही रात्रींतच तीच मात्रा पूर्वीइतकी गुंगी देईनाशी होते. झोपमोड करण्याचा गुण मात्र राहतो. मग माणूस पेग वाढवतो. तुम्ही चौथा घेतलात तर ३० चे ४० ग्रॅम होतील, यकृताला आणखी तासाभराहून थोडं जास्त लागेल, आणि अडीचची जाग साडेतीन-चारवर जाईल. काही दिवस वाटेल, बरं झालं, झोप वाढली. पण उतरणारा भार मोठा असल्याने ती जाग अधिक वाईट येईल, आणि सकाळी साडेसहाला पाहुण्यांना चहा-घावणे द्यायला उठाल तेव्हा डोकं जड असेल.

इकडे दर आठवड्याला कोणीतरी मला सांगतं की बाटलीची सोडून काजूची घ्यावी, ती घरची, शुद्ध, तिने काही होत नाही. काजूची फेणी साधारण व्हिस्कीइतकीच कडक असते, आणि घरच्या भट्टीतली किती कडक आहे हे गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. हुर्राक सौम्य खरा, पण तो कोणी ३० मिलिलिटर घेत नाही. माडीचं तेच. बिअरवाल्यांसाठी एवढंच सांगते की ६५० मिलिलिटरच्या आठ टक्के स्ट्राँग बाटलीत साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे तुमच्या चार छोट्या पेगांइतकं. यकृत बाटली बघत नाही, ग्रॅम बघतं.

“मग सातला घेऊन दहाला झोपलो तर?” असं तुम्ही विचारणारच. फायदा होतो, पण वाटतो तितका नाही. झुरिकच्या संशोधकांनी १९९६ साली उतारवयाकडे झुकलेल्या निरोगी पुरुषांना झोपायच्या सहा तास आधी दारू दिली. मात्रा तुमच्यापेक्षा थोडी जास्त होती. झोपायच्या वेळेपर्यंत श्वासात दारू उरली नव्हती. तरीही रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात ते दारू न घेतलेल्या रात्रीपेक्षा जास्त वेळ जागे राहिले. दारू गेली तरी दुसऱ्या बाजूला सरकलेली माणसं लगेच जागेवर येत नाहीत. त्यातही तरुणाची झोप मुळात दणकट असते, ती निभावून नेते. पन्नाशीनंतर गाढ झोप आपोआपच कमी झालेली असते, म्हणून पूर्वी याच पेगांनी काही व्हायचं नाही आणि आता होतं.

पुढे काय करायचं ते सांगण्याआधी एक प्रश्न, आणि याचं उत्तर स्वतःला खरं द्या. सकाळी हात थरथरतात का? एखाद्या दिवशी नाही मिळाली तर संध्याकाळपर्यंत घाम, मळमळ, बेचैनी, चिडचिड होते का? सकाळी एक घोट घेतल्यावर बरं वाटतं का? मापून तीनच घेणाऱ्याचं उत्तर बहुधा “नाही” असतं. पण यातलं एकही “हो” असेल, किंवा रोजचं प्रत्यक्षात क्वार्टरच्या म्हणजे १८० मिलिलिटरच्या पुढे जात असेल, तर एकदम बंद करू नका. मोठ्या सवयीनंतर अचानक सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. अशा वेळी जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे औषधांच्या आधाराने सोडायची असते. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत फोन क्रमांक १४४४६ आहे.

तुमच्या तीन पेगांसाठी मी हळूहळू उतरवण्याचा मार्ग सांगेन. पहिला आठवडा दोन पेग, आणि तेही साडेसातच्या आत. दुसरा आठवडा एक. तिसऱ्या आठवड्यापासून काही नाही, निदान तीन आठवडे. ग्लास घरातला रोजचाच वापरा, पण पेग मापानेच घाला, आणि ते माप स्वतः न घालता घरच्या कोणाला घालू द्या. माणूस दोनच घेतो आणि प्रत्येक पेग ४५ चा होतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय. पाहुण्यांबरोबर बसावं लागतं ही तुमची अडचण खरी आहे. सोडा घातलेलं कोकम सरबत ग्लासात असलं की कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर “डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्यात” एवढं पुरतं. या कारणासाठी माझं नाव सांगायला मी सर्वांना परवानगी दिलेली आहे.

बंद केल्यावर पहिल्या तीन-चार रात्री वाईट जातील, हे आताच माहीत असू द्या. साडेदहाला पडाल आणि पाच मिनिटांत डोळा लागणार नाही, बाराही वाजतील. स्वप्नं खूप पडतील. इथेच बहुतेक जण म्हणतात, “बघा, न घेता मला झोपच येत नाही,” आणि परत बाटलीकडे जातात. ती झोपेची मूळ तक्रार नसते. दाबलेली स्वप्नझोप आणि सावधपणाकडे कललेला मेंदू जागेवर यायला लागणारा तो वेळ असतो. साधारण आठवड्याभरात डोळा लागायची वेळ सुधारते. मध्यरात्रीची जाग त्याहून सावकाश जाते, दोन-तीन आठवडे धरा.

या काळात झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ घट्ट धरा. रात्र कशीही गेली तरी सकाळी त्याच वेळेला उठायचं, मग पेंग आपोआप संध्याकाळी साचते. दुपारी जेवून ताणून देण्याची आपली कोकणची रीत मला प्रिय आहे, पण सध्या तिला वीस-पंचवीस मिनिटांवर आणा आणि तीनच्या आत उरका, नाहीतर रात्रीसाठी काही शिल्लक राहत नाही. संध्याकाळी सहानंतर चहा नको. जेवण साडेआठला घ्या. दहा-सव्वादहाला तिखट सार आणि भात खाऊन साडेदहाला आडवं झालं तर आम्ल वर येणारच, आणि दारूने अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडत असल्याने तुमच्या आतापर्यंतच्या धडधडीत या जळजळीचाही वाटा असू शकतो.

अडीचला जाग आलीच तर घड्याळाकडे बघू नका, फोन तर नकोच. वीसेक मिनिटं झोप नाही आली असं वाटलं की अंथरुणातून उठा, मंद उजेडात पडवीत बसा, पेंग आली की परत या. अंथरुणात तळमळत पडून राहिलं की मेंदूला सवय लागते, अंथरूण म्हणजे जागं राहण्याची जागा. हे साधं वाटतं, पण झोपेच्या गोळ्यांपेक्षा याचा परिणाम जास्त टिकतो.

उशाशी एक वही ठेवा. तिच्यात रोज सकाळी चार गोष्टी लिहायच्या: किती घेतली, शेवटचा घोट किती वाजता, रात्री अंदाजे किती वेळ जागे होतात, आणि सकाळी अंग कसं आहे याला दहापैकी गुण. उतरवायला सुरुवात करण्याआधीचा आठवडाही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? माझ्या अंदाजाने तुमच्या वहीत डोळा लागायला लागणारा वेळ वाढलेला दिसेल आणि सकाळचे गुणही वाढलेले दिसतील. दोन्ही एकाच वेळी.

मधुमेहाची औषधं चालू असतील, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन, तर हे सगळं आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. दारू यकृताला साखर सोडू देत नाही, त्यामुळे मध्यरात्री साखर उतरते, आणि तिची लक्षणंही घाम, धडधड, खाडकन जाग अशीच असतात. अशा माणसाने अडीचला उठल्यावर ग्लुकोमीटरवर साखर बघावी. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. दाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल आणि ती रात्री घेत असाल, तर ती सकाळी घेता येईल का ते विचारा.

तीन आठवडे पूर्ण कोरडे गेले आणि तरीही रोज अडीच-तीनला जाग येत असेल, तर दारूचा हिशेब मिटला, आता दुसरीकडे बघायचं. घोरण्याचं रेकॉर्डिंग संशयास्पद असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी. बोटाला आणि नाकाला लावायचं छोटं यंत्र घरी देऊन एका रात्रीत करता येते अशी सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे. थायरॉइड, साखर, रक्तदाब बघावेत. आणि पहाटे लवकर जाग येऊन मन खिन्न राहत असेल, बागेत जावंसं वाटत नसेल, जेवणाची चव गेली असेल, तर तेही स्पष्ट सांगा. उदासीनतेच्या आजारात झोप नेमकी अशीच शेवटच्या भागात मोडते, आणि पुष्कळ पुरुष आमच्याकडे तो आजार झोपेची तक्रार म्हणूनच घेऊन येतात.